विश्लेषण : सलग १५ वर्षे बाजाराला हरवणे हे कौशल्य की नशीब?

अमेरिकेतील लेग मेसन कंपनीच्या ‘व्हॅल्यू ट्रस्ट’ या म्युच्युअल फंडाने १९९१ ते २००५ अशी सलग १५ वर्षे ‘एस अँड पी ५००’ या निर्देशांकापेक्षा जास्त परतावा दिला. फंडाचे व्यवस्थापक बिल मिलर त्या काळात वॉल स्ट्रीटवरचे सर्वात मोठे नाव होते. शेअर निवडण्याची कला असते का, या प्रश्नाला ‘मिलर यांच्याकडे पाहा’ हे उत्तर पुरेसे मानले जाई. मात्र अर्थशास्त्रज्ञांचा एक मोठा गट तेव्हाही या विक्रमाने फारसा प्रभावित झाला नव्हता. हा गट ‘एफिशियंट मार्केट हायपोथिसिस’, म्हणजेच कार्यक्षम बाजाराचे गृहीतक मानणारा. त्यांचा युक्तिवाद काय आहे, तो कुठे भक्कम आहे आणि कुठे डळमळतो?

कार्यक्षम बाजाराचे गृहीतक नेमके काय सांगते?

शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात ही मांडणी पद्धतशीरपणे केली. तिचा गाभा साधा आहे. एखाद्या कंपनीविषयी जी माहिती सर्वांना उपलब्ध आहे, ती तिच्या शेअरच्या भावात आधीच उतरलेली असते. त्यामुळे त्याच माहितीच्या आधारे ‘हा शेअर स्वस्त आहे’ असे ठरवून नेहमी नफा कमावता येणार नाही.

हे पटायला जरा वेळ लागतो, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कंपनीला मोठे कंत्राट मिळाल्याची बातमी सकाळी आली आणि तिच्या शेअरचा खरा भाव आता ५०० वरून ५५० रुपये असायला हवा, हे जाणकारांच्या लक्षात आले. ५१० ला मिळतोय तोवर घेणारे अनेक जण असतील. ते ५२० लाही घेतील, ५४० लाही. त्यांच्या या खरेदीनेच भाव ५५० पर्यंत जातो आणि मग घाई थांबते. संध्याकाळी टीव्हीवर ती बातमी पाहून दुसऱ्या दिवशी शेअर घेणाऱ्याला कंत्राटाची पूर्ण किंमत मोजूनच तो मिळतो. त्यानंतर भाव हलेल तो पुढच्या बातमीने, आणि ती चांगली असेल की वाईट हे आज कुणालाच माहीत नसते.

या गृहीतकाबद्दल एक गैरसमज कायम असतो. भाव नेहमी बरोबर असतो, असे ते म्हणत नाही. भाव चुकतो, पण तो वर चुकला आहे की खाली, हे आधी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग उपलब्ध माहितीतून मिळत नाही, इतकाच दावा आहे. बाजाराला कुणीच हरवत नाही, असेही ते सांगत नाही. दर वर्षी हजारो जण हरवतात. प्रश्न ‘सातत्याने’ या शब्दाचा आहे.

माहिती खरोखरच इतक्या लवकर भावात उतरते का?

याचे एक ठळक उदाहरण शेअर बाजाराशी वरवर काहीच संबंध नसलेल्या घटनेतून मिळते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. या कार्यक्रमात चार मोठ्या कंपन्या गुंतलेल्या होत्या. यान रॉकवेल इंटरनॅशनलने बनवले होते, इंधनाची बाहेरची टाकी मार्टिन मॅरिएटाची, जमिनीवरची व्यवस्था लॉकहीडकडे आणि घन इंधनाचे बूस्टर मॉर्टन थायोकॉलचे होते.

बातमी पसरताच चारही शेअर पडले. पण थायोकॉलमध्ये विक्रीचा इतका दबाव आला की काही काळ तिचे व्यवहार थांबवावे लागले. दिवसअखेर इतर तीन कंपन्या साधारण दोन ते तीन टक्के खाली होत्या, तर थायोकॉल सुमारे १२ टक्के. त्या दिवशी अपघाताचे कारण जाहीर झालेले नव्हते. बूस्टरच्या सांध्यातील रबरी ‘ओ-रिंग’ थंडीमुळे निकामी झाल्याचा निष्कर्ष चौकशी आयोगाने जूनमध्ये, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळाने दिला. बाजाराने त्या कंपनीवर बोट काही तासांतच ठेवले होते.

मायकेल मलोनी आणि हॅरॉल्ड मुल्हेरिन या संशोधकांनी २००३ मध्ये या दिवसाच्या व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आतली माहिती असलेल्या कुणी आधी विक्री केल्याचा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. कुणाला बूस्टरबद्दल जुनी शंका असेल, कुणी चित्रफीत पाहून अंदाज बांधला असेल, कुणी फक्त इतरांची विक्री पाहून विकले असेल. हे तुकडे एकत्र येण्याची जागा म्हणजे तो भाव. अर्थात एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, आणि बाजाराने चुकीच्या कंपनीला धरले असते तर ही गोष्ट आज कुणी सांगितलीही नसती. पण एकट्या विश्लेषकाला कुणाशी स्पर्धा करावी लागते, याची कल्पना त्यातून येते.

मग हुशार व्यवस्थापकांचे काय?

इथे गृहीतकाच्या समर्थकांचे सर्वात भक्कम हत्यार येते आणि ते बेरीज-वजाबाकीचे आहे. विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये ते एका छोट्या लेखात मांडले. बाजारातील सर्व शेअर कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे असतात. काही गुंतवणूकदार संपूर्ण बाजार जसाच्या तसा धरून ठेवतात, त्यांना बाजाराइतकाच परतावा मिळतो. मग उरलेल्या, म्हणजे निवडून शेअर घेणाऱ्या सर्वांचा मिळून सरासरी परतावाही बाजाराइतकाच असणार, कारण दोन्ही गटांची बेरीज बाजारच आहे. एकाने जास्त कमावले तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी कमी कमाईतून आलेले असते. हे सगळे खर्चाआधी.

खर्चानंतर चित्र बदलते. समजा बाजाराने वर्षाला १२ टक्के दिले, इंडेक्स फंडाचा खर्च ०.२ टक्के आणि निवडून गुंतवणूक करणाऱ्या फंडाचा खर्च, दलाली वगैरे धरून, २ टक्के. पहिल्यात हाती ११.८ टक्के येतील, दुसऱ्यात सरासरी १०. एक लाख रुपयांचे २० वर्षांत पहिल्या दराने सुमारे ९.३१ लाख होतात आणि दुसऱ्या दराने ६.७३ लाख. व्यवस्थापक मठ्ठ आहेत म्हणून हा अडीच लाखांचा फरक पडत नाही. ते सगळे हुशार असले तरी पडतो.

मायकेल जेन्सन यांनी १९६८ मध्ये ११५ अमेरिकी म्युच्युअल फंडांची १९४५ ते १९६४ या काळातील कामगिरी तपासली, तेव्हा हेच दिसले. फंडांनी पत्करलेली जोखीम विचारात घेतल्यावर खर्च वजा जाता ते वर्षाला सरासरी १.१ टक्क्याने मागे होते.

शार्प यांच्या गणिताला एक पळवाट मात्र आहे आणि ती आपल्याकडे वारंवार ऐकू येते. ‘निवडून घेणारे’ म्हणजे फक्त म्युच्युअल फंड नव्हेत. टिप ऐकून खरेदी करणारे किरकोळ गुंतवणूकदारही त्यात आले, आणि कंपनीवर ताबा ठेवण्यासाठी शेअर धरून बसलेले प्रवर्तकही. व्यावसायिक फंड हौशी मंडळींच्या चुकांवर कमावत असतील, तर सगळे फंड मिळूनही काही काळ बाजाराच्या पुढे राहू शकतात. पण जसजसे बाजारात फंडांचे वजन वाढते, तसतसे समोर हौशी माणूस सापडणे कमी होते. मग एका फंडाचा फायदा दुसऱ्या फंडाच्या तोट्यातूनच यावा लागतो.

१५ वर्षांचा विक्रम योगायोग असू शकतो?

आता मिलर यांच्याकडे परत येऊ. समजा दर वर्षी बाजाराला हरवण्याची शक्यता नाणेफेकीसारखी निम्मी आहे. सलग १५ वेळा छापा पडण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. इतका दुर्मीळ योगायोग कसा मानायचा, असे कुणालाही वाटेल.

पण हा हिशेब १९९० च्या अखेरीस फक्त मिलर यांचे नाव लिहून ठेवलेल्या माणसासाठी बरोबर आहे. आपण तसे केलेले नाही. आपण सगळी शर्यत संपल्यावर जिंकलेल्याकडे पाहतो आहोत. म्हणून प्रश्न वेगळा विचारायला हवा. पुष्कळ व्यवस्थापक पुष्कळ वर्षे नाणी उडवत असतील, तर त्यांच्यापैकी कुणा तरी एकाला, कधी तरी, सलग १५ छापे मिळण्याची शक्यता किती? एक हजार व्यवस्थापक आणि ४० वर्षे धरली तर ती साधारण ३४ टक्के येते. सहा हजार व्यवस्थापक धरले तर ९० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणजे असा एखादा मिलर सापडला नसता तरच आश्चर्य वाटायला हवे होते.

हे गणित जरा उदार आहे, हेही सांगायला हवे. खर्चामुळे बाजाराला हरवण्याची शक्यता बहुतेक वर्षी निम्म्याहून कमी असते, त्यामुळे खरा आकडा खाली येईल. ‘मिलर यांच्याकडे कौशल्य नव्हतेच’ असेही यातून सिद्ध होत नाही. फक्त तो विक्रम एकट्याने कौशल्याचा पुरावा ठरत नाही. खुद्द मिलर यांनीच ही मालिका कॅलेंडरचा अपघात असल्याचे आणि तिच्यात नशिबाचा वाटा मोठा असल्याचे म्हटले होते. जानेवारी ते डिसेंबरऐवजी दुसऱ्या कुठल्या महिन्यापासून वर्ष मोजले असते, तर ती मध्येच तुटली असती.

पुढे काय झाले?

२००६ मध्ये मालिका तुटली. त्या वर्षी निर्देशांकाने लाभांशासह सुमारे १५.८ टक्के दिले, मिलर यांच्या फंडाने सहा टक्क्यांच्या आत. २००७ मध्ये निर्देशांक साडेपाच टक्के वर आणि फंड सहा-सात टक्के खाली. २००८ च्या आर्थिक संकटात निर्देशांक ३७ टक्के पडला, फंड तब्बल ५५ टक्के. २००५ च्या अखेरीस १०० डॉलर घातले असते, तर तीन वर्षांनी निर्देशांकात सुमारे ७७ उरले असते आणि फंडात ४५ च्या आसपास.

मिलर यांची पद्धत बदलली होती, असे नाही. लोक घाबरून विकत असताना पडलेले शेअर घ्यायचे, हीच त्यांची आधीपासूनची रीत होती. तिने पूर्वी फायदा दिला होता. २००८ मध्ये त्याच रीतीने फंड बेअर स्टर्न्स, एआयजी, फ्रेडी मॅक अशा वित्तीय कंपन्यांत अडकला आणि यावेळी भाव पडण्यामागची भीती खरी होती. शिवाय गाजलेल्या फंडात सर्वाधिक पैसा नाव झाल्यावर येतो. त्यामुळे १५ चांगल्या वर्षांचा लाभ मिळालेले आणि तीन वाईट वर्षांचा फटका बसलेले गुंतवणूकदार बऱ्याच अंशी वेगळे असतात.

कौशल्य आणि नशीब वेगळे कसे ओळखायचे?

इथे अभियांत्रिकीतला सिग्नल आणि नॉईजचा हिशेब उपयोगी पडतो. समजा एक व्यवस्थापक खरोखर कुशल आहे आणि तो निर्देशांकापेक्षा वर्षाला सरासरी दोन टक्के जास्त देतो. पण हे दोन टक्के सरळ रेषेत येत नाहीत. एखाद्या वर्षी तो आठ टक्के पुढे, एखाद्या वर्षी चार टक्के मागे, असा चढ-उतार साधारण सहा टक्क्यांचा असतो. हा फरक नशिबाचा नाही, असे ९५ टक्के खात्रीने म्हणण्यासाठी ढोबळमानाने सरासरी ही तिच्या अनिश्चिततेच्या दुप्पट भरावी लागते. वर्षे वाढतात तशी अनिश्चितता त्यांच्या वर्गमुळाने कमी होते. नऊ वर्षांनंतरही ती दोन टक्केच असते, म्हणजे फायद्याइतकीच. निम्म्यावर, म्हणजे एका टक्क्यावर यायला ३६ वर्षे लागतात. इतक्या काळात बहुतेक व्यवस्थापक निवृत्त होतात किंवा फंड बदलतात. तीन किंवा पाच वर्षांच्या परताव्यावर दिलेले ‘स्टार’ या हिशेबात फार काही सांगत नाहीत.

दुसरी चाचणी सोपी आहे आणि कुणालाही करता येते. १०० फंडांची पाच वर्षांची यादी घ्यायची, पहिले २५ बाजूला काढायचे आणि पुढच्या पाच वर्षांत त्यातले किती पुन्हा पहिल्या २५ मध्ये येतात ते पाहायचे. सगळे नशीबच असेल तर सहा-सात येतील. बरेच जास्त आले तर काही तरी टिकाऊ आहे. मार्क कारहार्ट यांनी १९९७ मध्ये अमेरिकी फंडांच्या टिकाऊपणाचा असाच, पण बराच सखोल अभ्यास केला. चांगल्या फंडांचे सातत्य बहुतांशी खर्चातील फरकाने आणि नुकतेच वाढलेले शेअर हाती असण्याने समजावता येते, असे त्यांना आढळले. ठळकपणे टिकून राहिली ती सर्वात वाईट फंडांची वाईट कामगिरी.

ही चाचणी करताना यादी जुनीच हवी. अपयशी योजना बंद होतात किंवा दुसऱ्या योजनेत विलीन होतात आणि आजच्या यादीतून गायब होतात. आज उरलेल्या फंडांचा इतिहास पाहिला तर सरासरी आपोआप चांगली दिसते. परीक्षेला न बसलेल्यांना वगळून निकाल लावण्याचाच हा प्रकार.

वॉरन बफे यांचे उदाहरण हे गृहीतक खोटे ठरवत नाही का?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. बफे यांनी १९८४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील भाषणात नाणेफेकीच्या युक्तिवादाला थेट उत्तर दिले होते. जिंकणारे देशभर विखुरलेले असतील तर नशीब म्हणा, पण बरेचसे जिंकणारे एकाच गावचे निघाले तर त्या गावात काय आहे ते तपासायला नको का, असा त्यांचा सवाल होता. ते गाव म्हणजे त्यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम यांची विचारपद्धती. हे उत्तर हलके नाही, कारण ते विजेत्यांची संख्या न मोजता त्यांची पद्धत आधीपासून सारखी होती याकडे बोट दाखवते.

गंमत अशी, की इतरांच्या बाबतीत बफे यांचा सल्ला गृहीतकाच्या समर्थकांसारखाच आहे. २००८ पासून दहा वर्षांसाठी त्यांनी एक पैज लावली. त्यांच्या बाजूला ‘एस अँड पी ५००’चा साधा इंडेक्स फंड आणि समोर प्रतिस्पर्ध्याने निवडलेले पाच फंड, जे स्वतः अनेक हेज फंडांत पैसे गुंतवत. २०१७ अखेर इंडेक्स फंडाने पैज आरामात जिंकली. त्या पाच फंडांत दोन थरांचे शुल्क होते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

गृहीतक कुठे कमी पडते?

सर्वात नेमका आक्षेप सॅनफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९८० मध्ये घेतला. सगळी माहिती भावात आधीच असेल तर माहिती शोधण्यासाठी पैसे आणि वेळ कोण खर्च करेल? आणि कुणीच शोधली नाही तर ती भावात येणार कशी? म्हणजे बाजार पूर्ण कार्यक्षम असूच शकत नाही. शोध घेणाऱ्यांचा खर्च निघेल इतकी चूक भावात उरावीच लागते. गृहीतकाचे आजचे समर्थक हे बहुधा मान्य करतात. त्यांचे म्हणणे इतकेच, की ही चूक गोळा करणारे पुष्कळ आहेत आणि तिचा बराचसा भाग त्यांच्या खर्चातच जातो.

दुसरा आक्षेप रॉबर्ट शिलर यांचा. कंपन्यांच्या लाभांशात जितका चढ-उतार असतो, त्याहून शेअरचे भाव कितीतरी जास्त हिंदकळतात, हे त्यांनी १९८१ मध्ये दाखवले. मग भावात फक्त माहितीच असते असे कसे म्हणायचे? भाव माणसांच्या लहरीने हलतात, असे शिलर म्हणतात. जोखमीबद्दलची लोकांची किंमत काळानुसार बदलते, असे फामा म्हणतात. यातले कोण बरोबर, हे फक्त भाव पाहून ठरवता येत नाही, कारण ‘योग्य भाव किती’ हे सांगणारे सूत्रच वादग्रस्त आहे. २०१३ चे अर्थशास्त्राचे नोबेल या दोघांना, लार्स पीटर हॅन्सन यांच्यासह, एकत्र मिळाले. परस्परविरोधी मते असलेल्यांना एकच पुरस्कार, अशी तेव्हा बरीच थट्टा झाली. मात्र बाजार लहरी आहे असे मानले, तरी ती लहर कधी ओसरेल हे आधी सांगता येते असा त्याचा अर्थ होत नाही. लहरीवर पैज लावणारेही त्यात बुडतात.

भारतात मोजमाप कसे होते?

आपल्याकडे अनेक वर्षे फंडांची तुलना निर्देशांकाच्या नुसत्या भावाशी होत असे. निर्देशांकातील कंपन्या जो लाभांश देतात तो त्यात धरला जात नसे. फंडाला मात्र तोच लाभांश मिळत असे आणि त्याच्या परताव्यात मोजला जात असे. त्यामुळे काही न करता फंड वर्षाला साधारण टक्का-सव्वा टक्का पुढे दिसायचा. ‘सेबी’ने १ फेब्रुवारी २०१८ पासून लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे ‘टोटल रिटर्न इंडेक्स’शी तुलना करणे बंधनकारक केले. फंडाच्या माहितीपत्रकात मानदंड निर्देशांकाच्या नावापुढे टीआरआय ही अक्षरे दिसतात ती यामुळेच. मात्र एखादी जाहिरात, यूट्यूबचा व्हिडीओ किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता फंडाचा परतावा साध्या ‘निफ्टी’च्या वाढीशेजारी मांडत असेल, तर त्यातली टक्का-सव्वा टक्क्याची आघाडी लाभांशाची आहे.